क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली, तर नेमकं किती महाग पडतं?

क्रेडिट कार्डाने दुकानात 20,000 रुपयांची खरेदी केली आणि बिल वेळेत पूर्ण भरलं, तर व्याज शून्य. त्याच कार्डाने, त्याच दिवशी एटीएममधून 20,000 रुपये काढले आणि बिल तितक्याच वेळेत पूर्ण भरलं, तर साधारण 1,900 रुपये जास्तीचे जातात. कार्ड एकच, रक्कम एकच, परतफेडीची तारीखही एकच. मग फरक कुठून येतो?

क्रेडिट कार्डावर रोख काढण्याला बँकेच्या भाषेत 'कॅश अॅडव्हान्स' म्हणतात. खरेदी आणि कॅश अॅडव्हान्स हे एकाच कार्डावरचे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत. हा फरक बहुतेकांना पहिलं बिल हातात आल्यावर कळतो. काहींच्या तो दुसऱ्या बिलात लक्षात येतो.

बजाजनगरच्या एटीएमवर 20,000 रुपये

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत काम करणारा संतोष बजाजनगरला राहतो. घरची शेती गंगापूर तालुक्यात आहे. जूनमध्ये पाऊस पडला आणि पेरणीची घाई सुरू झाली. ट्रॅक्टरवाल्याला आणि मजुरांना रोखच द्यावी लागते, पगाराला अजून आठवडा आहे. संतोषकडे एक लाख रुपये मर्यादेचं क्रेडिट कार्ड आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एक लाखाच्या मर्यादेचा अर्थ एक लाख रोख काढता येते असा नाही. बँका रोखीसाठी वेगळी, छोटी मर्यादा ठेवतात. तिला 'कॅश लिमिट' म्हणतात. ती बिलावर आणि बँकेच्या अॅपमध्ये एकूण मर्यादेच्या जवळच छापलेली असते. संतोषच्या कार्डावर ती 20 टक्के, म्हणजे 20,000 रुपये आहे असं धरू.

त्याचं बिल दर महिन्याच्या 18 तारखेला तयार होतं आणि ते भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 7 असते. त्याने 22 जूनला एटीएममधून 20,000 रुपये काढले. ही रक्कम 18 जुलैच्या बिलात येणार आणि ते बिल 7 ऑगस्टपर्यंत भरायचं. 22 जून ते 7 ऑगस्ट म्हणजे 46 दिवस.

हीच रक्कम त्याने 22 जूनला दुकानात खर्च केली असती आणि आधीचं बिल पूर्ण भरलेलं असतं, तर हे 46 दिवस फुकट मिळाले असते. कार्डाच्या जाहिरातीत '45 ते 50 दिवस बिनव्याजी' असं जे लिहिलेलं असतं ते हेच. पण ती सवलत खरेदीसाठी आहे, रोखीसाठी नाही. रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. बिल तयार होण्याची किंवा भरायची तारीख उलटण्याची वाट कुणी पाहत नाही.

हिशोब मांडू या

कॅश अॅडव्हान्सवर दोन वेगळे भार पडतात. पहिला म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क. अनेक मोठ्या बँकांच्या दरपत्रकात ते काढलेल्या रकमेच्या अडीच टक्के आणि किमान 500 रुपये असं असतं. 20,000 चे अडीच टक्के म्हणजे 500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 रुपये. यंत्रातून नोटा बाहेर आल्या त्याच क्षणी 590 रुपये लागले. पैसे दुसऱ्या दिवशी परत केले तरी हे जाणारच.

दुसरा भार व्याजाचा. अनेक कार्डांवर तो महिन्याला पावणेचार टक्क्यांच्या आसपास असतो. वर्षाचे झाले 45 टक्के. 20,000 रुपयांवर दिवसाला साधारण 24 रुपये 66 पैसे. व्याज रोजच्या रोज मोजलं जातं आणि त्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी लागतो.

आता हे संतोषच्या बिलात कसं दिसेल ते पाहा. 18 जुलैच्या बिलात 26 दिवसांचं व्याज असेल, सुमारे 641 रुपये. त्यावरचा जीएसटी 115. शुल्काचे 590 आणि मुद्दल 20,000 धरून बिल झालं साधारण 21,346 रुपये. संतोषने ते 7 ऑगस्टला पूर्ण भरलं आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

पण 18 ऑगस्टच्या बिलात पुन्हा सुमारे 582 रुपये दिसतात. अनेक जण इथेच गोंधळतात आणि बँकेला फोन करून भांडतात, की पूर्ण बिल भरलं तर हे व्याज कशाचं? बँकेची चूक झालेली नसते. बिल 18 जुलैला बनलं, पैसे मात्र 7 ऑगस्टला आले. मधल्या 20 दिवसांचं व्याज 493 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 89 रुपये, हे आधीच्या बिलात येऊच शकत नव्हतं. म्हणून ते पुढच्या बिलात आलं.

सगळं मिळून 590, 756 आणि 582, म्हणजे 1,928 रुपये. 46 दिवसांसाठी 20,000 वर हा खर्च साडेनऊ टक्क्यांहून जास्त आहे. हाच वेग वर्षभर धरला तर तो 76 टक्क्यांच्या पुढे जातो. दरपत्रकात 45 टक्के लिहिलेले असताना प्रत्यक्षात 76 कसे झाले, याचं उत्तर शुल्क आणि जीएसटीत आहे. आणि मुदत जितकी कमी, तितकं शुल्काचं ओझं जास्त. संतोषने तीनच दिवसांनी पैसे परत केले असते, तरी 590 अधिक व्याजाचे आणि त्यावरच्या जीएसटीचे 87 असे 677 रुपये गेले असते.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. काही एटीएम एका वेळी 10,000 पेक्षा जास्त रक्कम देत नाहीत. मग माणूस कार्ड पुन्हा टाकतो आणि आणखी 10,000 काढतो. बँकेच्या दृष्टीने हे दोन व्यवहार झाले. 10,000 चे अडीच टक्के 250 होतात, पण किमान शुल्क 500 आहे. म्हणजे दोनदा 500, अधिक जीएसटी, एकूण 1,180 रुपये. नुसत्या दोन वेळा बटण दाबण्याने शुल्क दुप्पट झालं. दोन-तीन हजारांसारखी छोटी रक्कम काढणाऱ्याची गत याहून वाईट होते. 2,000 रुपयांवर 590 रुपये शुल्क म्हणजे जवळपास 30 टक्के, आणि व्याज अजून मोजलेलंही नाही.

बँक खरेदीला सूट देते, मग रोखीला का नाही?

गुलमंडीवरच्या किंवा कॅनॉटमधल्या दुकानात तुम्ही कार्ड स्वाइप करता, तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातला काही भाग 'एमडीआर' म्हणून कापला जातो. तो साधारण दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याचा मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. म्हणजे तुमचे बिनव्याजी दिवस खरं तर फुकट नसतात. त्यांची किंमत दुकानदार भरत असतो. रिवॉर्ड पॉइंटही त्याच पैशातून येतात.

एटीएममध्ये दुकानदारच नाही. उलट एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेलाच त्या बँकेला पैसे मोजावे लागतात. मे 2025 पासून हा दर रोख काढण्याच्या प्रत्येक व्यवहाराला 19 रुपये आणि कर असा आहे. पण 19 रुपयांसाठी कुणी 500 रुपये घेत नाही, हेही खरं. मोठं कारण आहे जोखीम. क्रेडिट कार्डावर रोख काढणारा ग्राहक बहुतेक वेळा बाकीचे मार्ग संपल्यावर तिथे येतो, असं बँका धरून चालतात. तारण काही नाही, पैसे कशासाठी घेतले ते माहीत नाही, आणि ते परत येण्याची शक्यता खरेदीपेक्षा कमी. तो धोका बँक सगळ्या रोख काढणाऱ्यांकडून आगाऊ वसूल करते. वेळेवर भरणाऱ्याकडूनही.

काही मोजक्या कार्डांवर मात्र रोखीलाही बिल भरण्याच्या तारखेपर्यंत व्याज नसतं, फक्त ठरावीक शुल्क असतं. तुमच्या कार्डावर ती सोय आहे का, हे कार्डासोबत येणाऱ्या 'महत्त्वाच्या अटी-शर्ती' या कागदात सापडेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यात रोख काढण्याचं शुल्क आणि रोखीवरचा व्याजदर स्पष्ट लिहावाच लागतो.

लवकर पैसे भरले तर व्याज थांबतं का?

थांबतं, पण त्यात एक मेख आहे.

व्याज रोज मोजलं जात असल्याने बिलाची वाट न पाहता पैसे भरणं फायद्याचं असतं. संतोषचा पगार 30 जूनला झाला आणि त्याने लगेच 20,000 भरले तर व्याज आठच दिवसांचं लागायला हवं. पण त्याच कार्डावर त्याने आधी 12,000 चा मोबाइलही घेतलेला असेल तर? त्याने भरलेले 20,000 नेमके कशात जमा होणार, हे संतोष ठरवत नाही. बँकेने तो क्रम आधीच ठरवलेला असतो आणि तो बँकेगणिक बदलतो. काही बँका आलेली रक्कम आधी कर, ईएमआय, शुल्क आणि व्याज यांत वळती करतात, मग खरेदीत, आणि रोखीचा नंबर सगळ्यात शेवटी लावतात. अशा कार्डावर 20,000 पैकी 12,000 मोबाइलमध्ये गेले, ज्यावर व्याज नव्हतंच. उरलेल्यातून शुल्क, व्याज गेलं आणि राहिलेली रक्कम तेवढी रोखीत. 12,000 हून जास्त रोख बाकी आणि तिच्यावर रोजचं व्याज चालूच.

यावर उपाय एकच आहे. रोख काढली असेल तर फक्त तेवढी रक्कम न भरता कार्डावरची संपूर्ण थकबाकी भरायची, बिलात न आलेली धरून. ग्राहक सेवेला फोन करून 'आजच्या तारखेला व्याजासह सगळं मिळून किती भरलं तर बाकी शून्य होईल' असं थेट विचारावं. अॅपमध्ये दिसणाऱ्या आकड्यात चालू महिन्याचं व्याज धरलेलं नसू शकतं.

'मिनिमम ड्यू' भरला तर

खर्चाचा खरा फुगवटा इथे होतो. 20,000 रुपयांवर महिन्याचं व्याज 750 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 135, असे 885 रुपये. समजा बिलावर किमान देय रक्कम हजाराच्या आसपास आहे आणि संतोषने तेवढीच भरली. तर मुद्दलातून कमी झाले फक्त 115 रुपये. 'हप्ता भरतोय' या समाधानात वर्ष निघून जातं आणि कर्ज जवळपास तेवढंच राहतं.

शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. मग त्याच कार्डाने भरलेलं पेट्रोल, आणलेला किराणा, सगळ्यावर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. रोखीचा महागडा नियम अशा रीतीने पूर्ण कार्डाला लागू होतो.

'दुकानात स्वाइप करून रोख घे' हा सल्ला

ओळखीचा दुकानदार कार्ड स्वाइप करतो, खरेदीची खोटी नोंद करतो, आपलं कमिशन कापतो आणि रोख हातात देतो. शंभराला दोन-अडीच रुपये कमिशन धरलं तर 20,000 वर 400 ते 500 रुपये. बँकेच्या हिशोबात ही खरेदी, म्हणून व्याज नाही. आकड्यांत हे एटीएमपेक्षा स्वस्त पडतं हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच हा प्रकार चालतो.

पण हा व्यवहार खोटा आहे. नियमांनुसार स्वाइप मशीनवर रोख देण्याची सोय डेबिट कार्डासाठी आहे, क्रेडिट कार्डासाठी नाही. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरूनही एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवणं किंवा रोख घेणं चालत नाही. एकाच छोट्या दुकानात वारंवार गोल रकमांचे मोठे व्यवहार दिसले की बँकेच्या यंत्रणेला संशय येतो. मग कार्ड बंद होऊ शकतं, दुकानदाराचं मशीनही जाऊ शकतं. आणि दुकानदाराने स्वाइप करून 'रोख उद्या देतो' म्हणून टोलवलं तर तक्रार कशाची करणार? कागदावर तुम्ही त्याच्याकडून माल घेतलेला आहे.

पावणेचार रुपये शेकडा

मराठवाड्यात खासगी कर्जाचं व्याज आजही वर्षाच्या टक्क्यांत बोललं जात नाही. 'दोन रुपये शेकडा', 'तीन रुपये शेकडा' असं महिन्याचं बोललं जातं. क्रेडिट कार्डाचा दरही महिन्याचाच सांगितला जातो. गावच्या भाषेत मांडायचं तर कार्डावरची रोख म्हणजे पावणेचार रुपये शेकडा, वर कर आणि शुल्क वेगळं.

आता राज्याचा कायदा पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 मध्ये आला. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंत आणि शेतकऱ्याकडून 12 टक्क्यांपर्यंत व्याज घेण्याची मर्यादा ठरवण्यात आली. 18 टक्क्यांनी संतोषच्या 46 दिवसांचं व्याज 454 रुपये होतं. (बेकायदा सावकार ही मर्यादा किती पाळतात, ते गावोगाव माहीत आहे.) बँकांना मात्र हा कायदा लागू नाही.

मग बँकांवर मर्यादा कुणाची? हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 2008 मध्ये निर्णय दिला होता, की क्रेडिट कार्डाचं बिल वेळेत न भरणाऱ्यांकडून वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. 20 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने आयोगाचा तो निर्णय रद्दच केला. ग्राहकाने अटी माहीत असताना कार्ड घेतलेलं असतं आणि व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असा त्या निकालाचा रोख होता. रिझर्व्ह बँक अवाजवी व्याज घेऊ नका असं बँकांना सांगते, पण क्रेडिट कार्डासाठी तिने आकड्यात मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे वर्षाला 45 टक्के हा दर आज बेकायदा ठरत नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारता येत नाही. संतोषच्या 590 रुपयांवर व्याज लागलं, तर तो तक्रारीचा विषय आहे.

रोखच हवी असेल तर

आधी रोख नेमकी कशाला लागते ते वेगळं काढावं. संतोषच्या बाबतीत बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रात कार्डाने घेता येत असेल तर तो भाग खरेदीत जातो आणि बिनव्याजी राहतो. दवाखान्यात दाखल करताना भरायची अनामत रक्कमही अनेक खासगी रुग्णालयं कार्डाने घेतात. एटीएममधून काढून काउंटरवर भरण्यात काहीच हशील नाही.

उरलेल्या रकमेसाठी घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज कितीतरी स्वस्त पडतं. वर्षाला 12 टक्के दर धरला तर 20,000 वर 46 दिवसांचं व्याज सुमारे 302 रुपये. मूल्यांकनाचा आणि प्रक्रियेचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्यावा. कारखान्यात कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल किंवा पगाराची उचल मिळत असेल तर तो पहिला पर्याय. बँका कार्डाच्या मर्यादेवर ठरावीक हप्त्यांचं कर्जही थेट खात्यात देतात. त्याचा दर एटीएमच्या रोखीपेक्षा सहसा कमी असतो, पण मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे त्यात पाहावं लागतं.

यातलं काहीच जमलं नाही आणि मध्यरात्री एटीएमसमोर उभं राहायची वेळ आलीच, तर लागेल तेवढी रक्कम एकाच व्यवहारात देणारं एटीएम शोधावं. शक्यतो आधीचं बिल पूर्ण भरलेल्या आणि ज्यावर दुसरी खरेदी नाही अशा कार्डातून काढावी, म्हणजे परत भरलेला प्रत्येक रुपया रोखीतच जमा होईल. पैसे हातात येताच सगळी थकबाकी भरावी. पुढचं बिल आलं की 'कॅश अॅडव्हान्स फी' आणि 'फायनान्स चार्जेस' या दोन ओळी तपासाव्यात. रोख काढल्याच्या दिवसापासून भरल्याच्या दिवसापर्यंतचे दिवस मोजून रोजच्या व्याजाने गुणलं की आकडा जुळायला हवा. जुळला नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.